व्हायोलिनचा गज आणि डेप्थ मॅप: एका पोर्ट्रेट फोटोची पार्श्वभूमी बदलताना

हे प्रकरण एका पोस्टरचं आहे. वादकाची ओळख पटू नये म्हणून नाव, जागा आणि कार्यक्रमाचे तपशील वगळले आहेत. फोटोचं मांडलेलं काम मात्र जसं झालं तसंच आहे.

काम काय होतं

एका व्हायोलिनवादक बाईंचा कमरेपासून वरचा फोटो पोस्टरवर घ्यायचा होता. फोटो त्यांच्या सरावाच्या खोलीत आयफोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेला होता. दोन भिंगं एकाखाली एक असलेला फोन, तो उभा धरलेला. बाईंनी डाव्या हातात व्हायोलिन त्याच्या मानेला धरून छातीसमोर उभं ठेवलं आहे, उजव्या हातात गज, तोही जवळजवळ उभा. मागे तपकिरी लाकडी कपाट, त्याच्या शेजारी उजेडाने भरलेली खिडकी आणि बाजूला नोटेशनचा स्टँड. चेहऱ्यावरचा भाव सगळ्यांनाच आवडला होता. पुन्हा फोटो काढणं शक्य नव्हतं, कारण बाई दौऱ्यावर होत्या आणि पोस्टर छपाईला जायचं होतं.

डिझायनरला मागे कपाट नको होतं. तिला गडद निळ्या रंगाची सपाट पार्श्वभूमी हवी होती. तिचं म्हणणं साधं होतं: फोनने मागचं सगळं धूसर केलंच आहे, म्हणजे माणूस कुठे संपतो ते त्याला कळलेलं आहे, मग तेच सिलेक्शन वापरून मागचं काढून टाकायला कितीसा वेळ लागणार? प्रश्न रास्त आहे. फोनला कळलेलं असतं हे खरं, पण नेमकं काय कळलेलं असतं आणि किती बारकाईने, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं.

हातात आलेली फाइल

पहिल्यांदा आली ती मेसेजिंग ॲपमधून पाठवलेली जेपेग. तिच्यात पार्श्वभूमी धूसर झालेली होती आणि ती धूसरता फोटोतच मुरलेली होती. गजाचा वरचा अर्धा भाग कपाटाबरोबरच विरघळला होता. मुठीपासून खांद्यापर्यंत काठी धारदार, तिथून वर मऊ होत होत गायब. अशा फाइलवर कितीही चांगलं सिलेक्शन केलं तरी गजाचं टोक परत येत नाही, कारण ते त्या फाइलमध्ये उरलेलंच नसतं.

म्हणून पहिला निर्णय असा झाला की मूळ फाइल मिळेपर्यंत काम सुरू करायचं नाही. पोर्ट्रेट मोडमध्ये फोन मूळ फोटो पूर्ण धारदार ठेवतो आणि त्याच फाइलमध्ये कोणती वस्तू किती लांब आहे याची माहिती, म्हणजे डेप्थ, वेगळी, करड्या छटांच्या छोट्या चित्रासारखी साठवतो. धूसरता नंतर चढवलेली असते, म्हणूनच फोनवर ती कमीजास्त करता येते किंवा बंद करता येते. मेसेजिंग ॲप फोटो दाबून नवी जेपेग बनवतं तेव्हा ही जोडलेली चित्रं गळून पडतात. आयफोनवरून एअरड्रॉप करताना पर्यायांमध्ये `All Photos Data` चालू केलं, किंवा केबलने संगणकावर घेताना `Keep Originals` निवडलेलं असलं, तर ती टिकतात. संगणकावर उतरवताना बऱ्याचदा एकाच फोटोच्या दोन फाइली येतात, एकीच्या नावात `IMG_` नंतर `E` असतं. ती परिणाम चढवलेली. आपल्याला दुसरी हवी. नावावर भरवसा ठेवण्यापेक्षा दोन्ही उघडून गजाचं टोक बघितलं की लगेच कळतं.

मूळ फाइल आल्यावर आत काय आहे ते आधी तपासलं. त्यासाठी लिबहाइफ या मोफत संचातली दोन साधनं पुरतात:

```
heif-info IMG_4127.HEIC
heif-convert --with-aux IMG_4127.HEIC photo.png
```

पहिली आज्ञा फोटोचं माप आणि सोबत डेप्थ आहे की नाही ते सांगते. दुसरी मुख्य फोटो काढते आणि जोडलेली चित्रंही वेगळ्या फाइलींत ठेवते. या फाइलीत तीन गोष्टी कामाच्या निघाल्या: 4032 × 3024 चा धारदार फोटो, 768 × 576 चा डेप्थ मॅप आणि 2016 × 1512 चा पोर्ट्रेट मॅट, म्हणजे फोटोतला माणूस कुठे आहे ते दाखवणारं करड्या छटांचं चित्र. ॲपलने 2018 मध्ये आयओएस 12 पासून हा मॅट ॲप लिहिणाऱ्यांना खुला केला. डेप्थ त्याआधीच, 2017 मध्ये आयओएस 11 सोबत खुली झाली होती. फोटोत माणूस ओळखला गेला तरच मॅट साठवला जातो. एखाद्या कुंडीचा किंवा कपबशीचा पोर्ट्रेट काढला तर फक्त डेप्थ मिळते.

अडचण नेमकी कुठे होती

डेप्थ मॅप मोठा करून बघितला तेव्हा पहिल्यांदा आनंदच झाला. व्हायोलिन सर्वांत उजळ, चेहरा आणि धड त्याखालोखाल, कपाट गडद, खिडकीबाहेरचं जवळजवळ काळं. लांबून बघितलं तर तयार मास्कच, म्हणजे काय ठेवायचं ते पांढऱ्यात आणि काय काढायचं ते काळ्यात दाखवणारं चित्र. शंभर टक्के झूम केल्यावर मात्र तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, मापाची. 4032 भागिले 768 म्हणजे 5.25. डेप्थ मॅपचा एक ठिपका फोटोतल्या साधारण सव्वापाच गुणिले सव्वापाच ठिपक्यांचा चौकोन झाकतो. या फोटोत गजाची काठी सुमारे 22 ठिपके जाड होती, म्हणजे डेप्थ मॅपमध्ये जेमतेम चार. केसांची एखादी बट तर त्याच्या हिशेबातच येत नाही. त्यात फोन हा नकाशा साठवण्याआधी गाळून, रिकाम्या जागा शेजारच्या किमतींनी भरून गुळगुळीत करतो. धूसरता चढवायला असा नकाशा छान चालतो, कारण धूसर कड थोडी इकडेतिकडे झाली तरी डोळ्याला खुपत नाही. पार्श्वभूमी बदलताना तीच चूक ठळक पांढऱ्या किंवा तपकिरी पट्टीसारखी दिसते.

दुसरी गोष्ट गजाची, आणि ती मला स्वतःला सगळ्यांत रंजक वाटते. डेप्थ मॅपमध्ये गज मुठीच्या जवळ दिसत होता आणि वर जाताना कपाटाच्या छटेत मिसळून गेला होता. बारीकपणा हे एक कारण झालंच. पण गजाइतक्याच जाडीचा स्टँडचा आडवा दांडा नकाशात स्वच्छ उमटला होता. मग गजच का गेला?

उत्तर भिंगांच्या मांडणीत आहे. दोन भिंगांमधून तीच वस्तू किंचित सरकलेली दिसते आणि त्या सरकण्यावरून फोन अंतर काढतो. हे सरकणं भिंगांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेनेच होतं. फोन उभा, भिंगं एकाखाली एक, म्हणजे सरकणं वरखाली. आता एखादी उभी काठी वरखाली सरकली तर ती सरकली हे ओळखायचं कशावरून? काठीचा मधला भाग सगळीकडे सारखाच दिसतो, त्यावर धरायला काही खूण नसते. आडवा दांडा वरखाली सरकला तर मात्र लगेच दिसतो. म्हणून दांडा सापडला आणि गज हरवला. मुठीजवळ बोटं आणि गजाचा काळा ठोकळा होता, त्यामुळे तिथे धरायला खूण मिळाली. वरची नुसती काठी फोनने शेजारच्या कपाटाच्या अंतराने भरून टाकली.

तिसरी गोष्ट व्हायोलिनच्या चकचकीत पॉलिशची. त्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडलं होतं. प्रतिबिंब दोन भिंगांना वेगवेगळ्या जागी दिसतं, आणि त्यावरून काढलेलं अंतर लाकडाचं नसतं. त्यामुळे व्हायोलिनच्या उजळ आकारात मधोमध एक गडद डाग पडला होता. तसाच मास्क लावला असता तर वाद्याला भोक पडून त्यातून निळा रंग दिसला असता.

पोर्ट्रेट मॅटची कहाणी उलटी. केसांच्या कडा तिथे कितीतरी चांगल्या होत्या. मोकळ्या बटा करड्या छटांत उतरल्या होत्या, म्हणजे अर्धपारदर्शक. पण मॅटचा प्रश्न 'हे माणसाचं आहे का' असा असतो, 'हे किती लांब आहे' असा नसतो. व्हायोलिनचा वरचा भाग, खुंट्या आणि जवळजवळ पूर्ण गज त्याने बाहेर ठेवला होता. छातीवर टेकलेला वाद्याचा भाग माणसात धरला होता. उजव्या कोपराच्या आणि धडाच्या मधल्या त्रिकोणी फटीत कपाट दिसत होतं, ती फट मात्र त्याने बरोबर मोकळी ठेवली होती. डेप्थ मॅपने ती बुजवून टाकली होती.

कोणते पर्याय तोलले

सगळं हाताने पेन टूलने कापणं हा पहिला पर्याय. वाद्य आणि गज यांच्यासाठी उत्तम, केसांसाठी वाईट. हाताने कापलेले केस कात्रीने कापलेल्या पुठ्ठ्यासारखे दिसतात.

नुसता मॅट वापरायचा तर वाद्य परत मिळवावं लागणार. नुसती डेप्थ वापरायची तर केस, फट, प्रतिबिंबाचा डाग आणि गज असे चारही घोळ निस्तरावे लागणार. शिवाय एक पाचवा. तो समजायला थोडा हिशेब लागतो.

डेप्थ मॅपमध्ये साठवलेली किंमत अंतराची नसते, अंतराच्या उलट्याची असते, म्हणजे 1 भागिले अंतर. अंदाजे मोजमाप धरू: व्हायोलिन 1.4 मीटरवर, चेहरा 1.6, कपाट 2.6 आणि खिडकी 4 मीटरवर. उलट्या किमती होतात 0.714, 0.625, 0.385 आणि 0.25. त्या 0 ते 255 या छटांवर पसरल्या तर व्हायोलिन 255, चेहरा सुमारे 206, कपाट 74 आणि खिडकी 0. म्हणजे वाद्य आणि चेहरा यांतल्या फक्त 20 सेंटिमीटरला 49 छटा मिळाल्या, आणि कपाट ते खिडकी या जवळजवळ दीड मीटरला 74. जवळच्या वस्तूंमध्ये फरक करायला हा नकाशा खूप चांगला. माणूस आणि कपाट यांत 132 छटांचं अंतर, तेही भरपूर. पण नोटेशनचा स्टँड बाईंच्या बाजूलाच, 1.5 मीटरवर होता. त्याची किंमत 229 च्या आसपास येते, म्हणजे वाद्य आणि चेहरा यांच्या बरोबर मध्ये. कितीही काळजीपूर्वक मर्यादा ठरवली तरी डेप्थने बाईंना ठेवून स्टँडला काढता येत नाही.

चौथा पर्याय होता पार्श्वभूमी न बदलण्याचा: मूळ खोलीच ठेवायची, पण डेप्थ मॅप मास्क म्हणून वापरून मागे जाईल तसतशी ती अंधारी आणि निळसर करायची. मला हा पर्याय आवडतो, कारण त्यात कडेच्या चुका फारशा दिसत नाहीत. गजाच्या टोकाशेजारी कपाट असतंच, फक्त गडद. डिझायनरला नमुना दाखवला. तिला कपाटाच्या कप्प्यांचे आकार मजकुरामागे नको होते, आणि पोस्टरवर मजकूर तिथेच येणार होता. त्यामुळे तो बाद झाला.

उरला पाचवा: मॅट आणि डेप्थ एकत्र करायचे, प्रत्येकाकडून तो जे चांगलं जाणतो तेवढंच घ्यायचं आणि गज हाताने काढायचा. हाच घेतला.

काम कसं केलं

सगळं जिंप या मोफत फोटो-संपादन प्रोग्रॅममध्ये केलं. फोटो उघडून डेप्थ मॅप आणि मॅट दोन वेगळे लेअर म्हणून वर आणले आणि फोटोच्या मापाला ताणले. इथे एक गोष्ट तपासावी लागते. फोटो उभा दिसत असला तरी कॅमेऱ्याचा सेन्सर आडवा असतो, आणि काही साधनं मुख्य फोटो फिरवून देतात पण जोडलेली चित्रं तशीच आडवी ठेवतात. मॅप फिरवायचा असला तर कोणत्या बाजूने, हे वरच्या लेअरची अपारदर्शकता निम्मी करून हनुवटी आणि खांद्याची रेषा जुळते का यावरून ठरवलं.

डेप्थ मॅप नुसता ताणला की कडांना जिन्याच्या पायऱ्या किंवा धुकं येतं. म्हणून तो फोटोच्या स्वतःच्या कडांना चिकटवायचा होता. यासाठी गाइडेड फिल्टर वापरला. मोठ्या फोटोत जिथे रंग बदलतो तिथे नकाशाचीही कड बसेल असा तो प्रयत्न करतो. पायथनमध्ये, ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीचा वाढीव मॉड्यूलांचा संच बसवलेला असेल तर एवढंच लागतं:

```python
import cv2
photo = cv2.imread("photo.png").astype("float32") / 255
depth = cv2.imread("photo-depth.png", 0).astype("float32") / 255
h, w = photo.shape[:2]
depth = cv2.resize(depth, (w, h))
fine = cv2.ximgproc.guidedFilter(photo, depth, 12, 1e-4)
cv2.imwrite("depth_fine.png", (fine.clip(0, 1) * 255).astype("uint8"))
```

12 ही त्रिज्या डेप्थच्या एका ठिपक्याच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त आहे, म्हणजे नकाशाची कड एकदोन ठिपके चुकलेली असली तरी फिल्टरला खरी कड सापडते. शेवटची संख्या वाढवली की नकाशा जास्त मऊ होतो. इथे एवढी लहान ठेवली म्हणजे फिकट रंगफरकही पकडला जातो.

व्हायोलिनच्या डाव्या कडेला, जिथे मागे खिडकी होती, तिथे निकाल बघण्यासारखा आला. उजव्या कडेला मात्र तपकिरी वाद्याच्या मागे तपकिरी कपाट होतं. फिल्टरला तिथे रंगात कड दिसतच नव्हती, त्यामुळे मास्क वाद्यातून कपाटात पाझरला. हे झालं की ओळखायला सोपं असतं: मास्क उघडून बघितला की पांढऱ्या आकाराला एका बाजूने धुराचा लोट आल्यासारखा दिसतो. त्या तुकड्यापुरती वाद्याची कड पेन टूलने आखली. फार मोठी नव्हती, आणि व्हायोलिनची कड म्हणजे मोठे स्वच्छ वळसे, आखायला सुखाची.

मग डेप्थच्या लेअरवर `Levels` उघडून 120 च्या खालचं सगळं काळं आणि 150 च्या वरचं सगळं पांढरं केलं. कपाट 74 आणि चेहरा 206, त्यांच्या मध्यावर 140 येतात, म्हणून मर्यादा त्याच्या दोन्ही बाजूंना. `Threshold` वापरलं नाही, कारण त्याने कड एकदम पांढरी किंवा काळी होते आणि छपाईत दात दिसतात. 120 ते 150 मधली छोटी चढण कड जरा मऊ ठेवते.

आता हा मास्क सगळीकडे लागू करायचा नव्हता. लासोने व्हायोलिनभोवती ढोबळ घेर काढला, स्टँड बाहेर राहील असा, आणि घेराबाहेरची डेप्थ काळी केली. घेराच्या आतला प्रतिबिंबाचा डाग पांढऱ्या ब्रशने भरला. तो वाद्याच्या कडेपासून लांब असल्यामुळे तिथे अचूकतेचा प्रश्नच नव्हता. कोपराच्या फटीला घेरात घेतलं नाही, ती मॅटच्या भरवशावर सोडली.

त्यानंतर डेप्थचा लेअर मॅटच्या वर `Lighten only` मोडमध्ये ठेवला. या मोडमध्ये दोन्हींपैकी जी छटा जास्त उजळ तीच राहते, म्हणजे 'माणूस किंवा वाद्य' असा एकत्र मास्क मिळाला. जिथे वाद्य अंगाला टेकतं तिथली शिवण काळजीपूर्वक बघितली. दोन्ही मास्क तिथे पूर्ण पांढरे असतील तर शिवण दिसत नाही. हनुवटीखाली एक करडी रेघ राहिली होती, ती ब्रशने मिटवली.

गज शेवटी घेतला. काठीच्या दोन्ही कडा पेन टूलने आखल्या. गजाची काठी सरळ नसते, मध्यभागी गजाला ताणलेल्या केसांच्या दिशेने किंचित वाकलेली असते, त्यामुळे दोन बिंदूंत सरळ रेघ मारली असती तर मध्यावर कपाटाची बारीक पट्टी आली असती. आखलेलं सिलेक्शन एका ठिपक्याने मऊ करून मास्कमध्ये पांढरं भरलं. केसांची पट्टी वेगळी हाताळली. ती पूर्ण अपारदर्शक नव्हती, तिच्यातून मागचं कपाट झिरपत होतं. तिथे मास्कला पांढऱ्याऐवजी साधारण सत्तर टक्के करडा दिला आणि फोटोत त्या पट्टीची तपकिरी झाक कमी केली. काठी आणि केस यांच्या मधली लांबट फट मोकळी ठेवली. तिच्यातून नवा रंग दिसला तेव्हा गज खरा वाटायला लागला.

पार्श्वभूमीच्या रंगाचा निर्णय

मास्क चांगला होता, तरीही गडद निळा रंग मागे टाकताच डोक्याभोवती फिकट कड उजळली. हा मास्कचा दोष नव्हता. अर्धपारदर्शक ठिपक्यात केसाचा रंग आणि मागच्याचा रंग आधीच मिसळलेले असतात:

```
C = α·F + (1 − α)·B
```

मास्क α सांगतो, म्हणजे ठिपका किती अपारदर्शक आहे ते, पण ठिपक्याच्या रंगात, म्हणजे C मध्ये, केसाचा रंग F आणि मागचा रंग B दोन्ही आहेत आणि इथे B म्हणजे खिडकीचा उजेड. α कितीही बरोबर असला तरी तो उजेड केसाच्या ठिपक्याबरोबर नव्या फोटोत येतो. गडद रंगावर तो प्रभावळीसारखा दिसतो.

यावर दोन मार्ग होते. एक, केसांच्या कडेच्या ठिपक्यांचा रंगच बदलायचा: फोटोच्या लेअरवर आतल्या केसांचा रंग घेऊन मऊ ब्रशने कडेवर फिरवायचा, मास्क जसा आहे तसा राहू द्यायचा. हे चालतं, पण सगळ्या डोक्याभोवती केलं की केस सपाट आणि रंगवलेले वाटतात. दुसरा, नवी पार्श्वभूमीच खिडकीच्या उजेडाशी जुळवून घ्यायची. डिझायनरला गडद निळाच हवा होता, आणि तिचंही बरोबर होतं, कारण अक्षरं पांढरी होती. शेवटी वरून खाली जाणारा रंगबदल ठरला: अक्षरं येतात त्या खालच्या भागात गडद निळा आणि डोक्यामागे फिकट निळसर राखाडी, जणू मागून उजेड येतोय. खोलीतला खरा उजेडही त्याच बाजूने होता, त्यामुळे गालावरची चमकही पटण्यासारखी झाली. रंग बदलायचं काम फक्त खांद्याच्या दोन बटांपुरतं उरलं.

एक छोटी गोष्ट: नवी पार्श्वभूमी संगणकावर केलेली, म्हणून पूर्ण गुळगुळीत होती, आणि फोटोत फोनच्या सेन्सरचे बारीक दाणे होते. पार्श्वभूमीला तितकेच दाणे दिले. न दिले तर माणूस चिकटवल्यासारखा दिसतो, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगताही येत नाही.

निष्पत्ती

पोस्टर ए थ्री मापात छापलं. 3024 ठिपके त्या रुंदीवर पसरले तर इंचाला 258 च्या आसपास येतात, त्यामुळे काठीची कड छपाईतही स्वच्छ राहिली. गज बाईंनी स्वतः बारकाईने बघितला. वादकाचा डोळा तिथेच जातो. त्यांनी एकच गोष्ट दाखवली: व्हायोलिनच्या वरच्या टोकाचा वळसा थोडा मऊ आहे. तसा तो होताच. तिथे खिडकी आणि कपाट यांची सीमा बरोबर वळशामागून जात होती, आणि गाइडेड फिल्टरने वाद्याच्या कडेऐवजी काही ठिकाणी तीच सीमा पकडली होती. तेवढा भागही हाताने आखायला हवा होता, हे त्यांचं म्हणणं मान्य केलं. पुढच्या वापरासाठी ठेवलेल्या फाइलीत तो दुरुस्त केला आहे.

पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल

फोटो काढण्याआधीच पार्श्वभूमी बदलायची हे ठरलेलं असेल तर सगळ्यांत मोठा फरक फोन कसा धरायचा यातून पडतो. या प्रकारच्या फोनवर उभी बारीक वस्तू मिळवायची तर फोन आडवा धरून एक फोटो जास्तीचा घ्यावा. भिंगं शेजारीशेजारी आली की उभी काठी सरकलेली ओळखू येते. आडव्या चौकटीत माणूस लहान येतो हे खरं, त्यामुळे दोन्ही काढून ठेवावेत. ज्यांच्या फोनची भिंगं आधीच शेजारीशेजारी आहेत त्यांना हाच नियम उलटा लागू पडतो: तिथे आडवा धरलेला गज किंवा बासरी अडचणीची. 2017 च्या पिक्सेल 2 सारखे काही फोन एकाच भिंगाच्या दोन अर्ध्या भागांतून दिसणाऱ्या फरकावरून अंतर काढतात. तिथे तो फरक अगदी थोडा असतो, पण दिशेची मर्यादा तीच राहते.

बाईंना कपाटापासून आणखी एक मीटर पुढे उभं करता आलं असतं तर नकाशातला फरक वाढला असता. त्याहून महत्त्वाचं, तपकिरी वाद्यामागे तपकिरी कपाट आलं नसतं तर उजवी कड आपोआप मिळाली असती. स्टँड बाजूला केला असता तर लासोचा घेरही लागला नसता. हे सगळं फोटो काढणाऱ्याला सांगायचं, तर त्याला आधी कळायला हवं की मागचं पुढे काढून टाकायचं आहे. या कामात ते कुणालाच आधी माहीत नव्हतं.

कामाच्या क्रमाबद्दल मला एक शंका अजून आहे. डेप्थ फक्त वाद्यासाठी लागली, आणि त्यातही उजवी कड आणि वळसा हाताने करावे लागले. मग पूर्ण वाद्यच पेन टूलने आखून डेप्थ सोडूनच दिली असती तर? या एका फोटोपुरतं तर वेळ कदाचित सारखाच लागला असता. पण त्याच खोलीत काढलेले त्याच बाईंचे आणखी फोटो नंतर आले, आणि तिथे `Levels` च्या मर्यादा आणि फिल्टरची त्रिज्या तशीच्या तशी चालली. पेनने आखलेली रेघ मात्र एका फोटोवरून दुसऱ्यावर नेता येत नाही. एकच फोटो असेल आणि वस्तूची कड स्वच्छ असेल तर मी आता आधी पेन उचलेन. मालिका असेल तर आधी `heif-info`.